पाच सलग: तिकडी, चौकडी आणि पहिल्याच्या हातातली चाल

फुल्ली-गोळा तीन-तीनच्या चौकटीत खेळायचा आपल्याला लवकरच कंटाळा येतो, कारण दोघेही शहाणपणाने खेळले तर तो बरोबरीतच सुटतो. मग कुणीतरी वहीचं अख्खं पान घेतं आणि म्हणतं, आता पाच सलग. आडव्या, उभ्या किंवा तिरक्या रांगेत ज्याच्या पाच खुणा आधी लागतील तो जिंकला. जपानमध्ये हाच खेळ काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळतात आणि त्याला गोमोकू म्हणतात. हल्ली त्याचा पट बहुधा १५ बाय १५ चा असतो. पहिली चाल काळ्याची, दुसरी पांढऱ्याची, आणि एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. नियम एवढेच.

हा खेळ नव्याने खेळणारा माणूस 'मला पाच करायचे आहेत' असा विचार करतो. मीही बरेच दिवस तसाच खेळलो आणि बरेच दिवस हरलो. पाच आपोआप होतात. समोरच्याला त्याच्या मनासारखी चाल खेळू द्यायची नाही, हे खरं काम. आपली प्रत्येक खेळी अशी हवी की त्याला उत्तर द्यावंच लागेल. ज्याच्याकडे अशा सक्तीच्या खेळी पुरेशा आहेत आणि ज्याला त्या योग्य क्रमाने लावता येतात, तो जिंकतो. पहिला खेळाडू का जिंकतो याचं उत्तरही शेवटी इथेच सापडतं.

आधी सक्तीच्या जाती पाहू. सर्वांत कडक म्हणजे चौकडी, एका रांगेत चार. दोन्ही टोकं मोकळी असतील तर ती उघडी चौकडी:

```
·  ●  ●  ●  ●  ·
```

इथे खेळ संपलेला आहे. पांढरा डावीकडे अडवेल तर काळा उजवीकडे पाच करेल, उजवीकडे अडवेल तर डावीकडे. एका चालीत दोन घरं बुजवता येत नाहीत.

एक टोक आधीच अडलेलं असेल तर ती बंद चौकडी. पटाची कडसुद्धा अडवलेल्या टोकासारखीच. मधे फट असलेली चौकडीही याच जातीची, कारण तिलाही जिंकायला एकच घर उरतं:

```
○  ●  ●  ●  ●  ·
●  ●  ·  ●  ●
```

बंद चौकडीने डाव जिंकला जात नाही, पण पांढऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. त्याला त्या एकाच घरात सोंगटी ठेवावी लागते. त्याची कितीही सुंदर योजना चालू असो, ही चाल त्याची राहिलेली नाही. त्याला स्वतःला लगेच पाच करता येत असतील तरच तो सुटतो.

त्याखालची पायरी उघडी तिकडी. हिची व्याख्या नीट लक्षात ठेवावी: पुढच्या एका चालीत जिची उघडी चौकडी होऊ शकते ती उघडी तिकडी. नुसत्या तीन सोंगट्या आणि दोन्ही बाजूंना एकेक मोकळं घर एवढ्याने भागत नाही. उघड्या चौकडीला सहा घरं लागतात, चार सोंगट्यांची आणि दोन टोकांची. म्हणून खालची पहिली रांग उघडी तिकडी आहे आणि दुसरी दिसायला तशीच असूनही नाही:

```
·  ·  ●  ●  ●  ·  ·
○  ·  ●  ●  ●  ·  ○
```

दुसरीत मोकळी जागा पाचच घरांची आहे. तिथून फार तर बंद चौकडी होईल. पांढऱ्याला तिच्याकडे बघायचीही गरज नाही. नवशिक्या काळा अशी फसवी तिकडी लावून उत्तराची वाट बघतो, पांढरा दुसरीकडे आपली उघडी तिकडी लावतो, आणि डावाची दिशा पालटते. कुठलीही तिकडी लावण्याआधी त्या रांगेतली सलग मोकळी घरं मोजून बघावीत, सहाच्या खाली असतील तर ती धमकी नव्हे.

तिकडीतही फट चालते. दोन सोंगट्या, मधे एक मोकळं घर आणि मग एक सोंगटी. फट भरली की चौकडी. दोन्ही टोकं मोकळी असतील तर हीसुद्धा पक्की उघडी तिकडी. नवख्याला ती दिसत नाही, म्हणून अनुभवी खेळाडूंना ती फार आवडते.

तिकडी आणि चौकडी यांच्यातला मोठा फरक असा. चौकडीला उत्तर एकच. तिकडीला पांढऱ्याकडे दोन किंवा तीन उत्तरं असतात. सलग तिकडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन घरं मोकळी असतील तर पांढऱ्याला तिला चिकटलेल्या दोन घरांपैकी एक घ्यावं लागतं. एका बाजूला एकच घर मोकळं असेल किंवा तिकडी फटीची असेल, तर उत्तरं तीन होतात. शिवाय आणखी एक सुटका असते: पांढरा तिकडीकडे दुर्लक्ष करून आधी आपली एखादी चौकडी खेळू शकतो. आता उत्तर द्यायची पाळी काळ्याची. त्या झटापटीत पांढऱ्याची एखादी सोंगटी काळ्याच्या तिकडीच्या रांगेत येऊन बसली, तर धमकी फुकटात विरली.

म्हणजे चौकडी हुकूम देते आणि तिकडी फक्त आग्रह करते. हा फरक खेळताना विसरला की काय होतं, ते आता बघू.

जिंकण्यासाठी एका चालीत दोन धमक्या लागतात, कारण उत्तराची चाल एकच असते. अशा दुहेरी धमकीचे तीन प्रकार: एकाच सोंगटीने दोन तिकड्या, दोन चौकड्या, किंवा एक चौकडी आणि एक तिकडी. यातला दोन चौकड्यांचा प्रकार उघडच पक्का. उरलेले दोन नवख्याला सारखेच वाटतात, पण ते सारखे नाहीत. समजा, पांढऱ्याची एक उघडी तिकडी आधीच पटावर आहे. काळ्याने दोन तिकड्या लावल्या, तर पांढरा त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता आपली उघडी चौकडी करेल, आणि काळा हरला. पण काळ्याने चौकडी-तिकडी लावली तर? पांढऱ्याला आधी चौकडी अडवावी लागेल. मग काळा तिकडीची उघडी चौकडी करेल. आता पांढरा आपल्या तिकडीची चौकडी करू शकतो, पण तोवर काळ्याचे पाच लागतात. पांढऱ्याची ती तिकडी पटावर होती, पण तिचा उपयोग करायला त्याला एकही मोकळी चाल मिळाली नाही.

आता एक पूर्ण प्रसंग. खालची मांडणी मोठ्या पटाचा डावीकडचा खालचा भाग आहे. घराचा पत्ता मी (स्तंभ, ओळ) असा देईन. ओळी खालून वर मोजल्या आहेत. दोघांच्या सहा-सहा सोंगट्या आहेत आणि चाल काळ्याची आहे.

```
१०  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
 ९  ·  ·  ○  ○  ○  ·  ·  ·  ·
 ८  ·  ·  ○  ·  ·  ·  ·  ·  ·
 ७  ·  ·  ·  ●  ○  ●  ·  ·  ·
 ६  ·  ·  ·  ·  ●  ·  ·  ·  ·
 ५  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
 ४  ·  ·  ○  ●  ●  ●  ·  ·  ·
 ३  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
 २  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
    १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९
```

नवव्या ओळीत पांढऱ्याची उघडी तिकडी आहे. काळ्याने आता ढिलाई केली तर पुढच्या चालीत पांढऱ्याची उघडी चौकडी होईल. काळ्याकडे चौथ्या ओळीत तीन सोंगट्या आहेत, पण डावीकडून (३,४) ला त्या अडवलेल्या आहेत. बाकी त्याच्या तीन सोंगट्या वर विखुरलेल्या दिसतात. बहुतेक जण इथे निमूटपणे पांढऱ्याची तिकडी अडवतील. पण इथे काळा जिंकतो, आणि पांढऱ्याला एकही स्वतःची चाल न देता जिंकतो.

बंद तिकडी हा साठवलेला हुकूम आहे. काळा चौथ्या ओळीत दोन प्रकारे चौकडी करू शकतो: (७,४) ला ठेवून किंवा एक घर सोडून (८,४) ला ठेवून. पहिल्यात पांढऱ्याला (८,४) ला यावं लागतं, दुसऱ्यात (७,४) ला. चौथ्या ओळीपुरतं बघितलं तर दोन्ही सारखंच. मग कुठली घ्यायची?

तिरक्या रांगेकडे बघा: (४,७), (५,६), (६,५), (७,४), (८,३). पहिल्या दोन घरांत काळ्याच्या सोंगट्या आहेत. वरचं टोक (३,८) पांढऱ्याने अडवलेलं आहे. म्हणजे ही रांग जिवंत राहायला पुढची तिन्ही घरं पांढऱ्यापासून मोकळी हवीत. (७,४) हे घर दोन्ही रांगांच्या छेदावर आहे. काळ्याने (८,४) निवडलं तर पांढरा सक्तीने (७,४) ला येऊन बसतो आणि आपल्याच हुकुमाने आपली तिरकी रांग मरते. त्यानंतर काळ्याकडे दुसरी चौकडी नाही. त्याला मागे फिरून नववी ओळ अडवावी लागेल, आणि हल्ला संपला. या खेळात सर्वांत जास्त डाव अशा 'फुकट' चौकड्यांनी वाया जातात, असं माझं मत आहे. चौकडी दिसली की हात शिवशिवतो. पण प्रत्येक चौकडी समोरच्याला एक सोंगटी देऊन जाते, आणि ती कुठे पडणार हे आपणच ठरवत असतो.

तर काळा (७,४), पांढरा (८,४).

आता तिरक्या रांगेत काळ्याच्या (४,७), (५,६) आणि (७,४) अशा तीन सोंगट्या झाल्या आणि मधे (६,५) मोकळं आहे. काळा तिथे ठेवतो. तिरकी चौकडी झाली. वरचं टोक आधीच अडलेलं, त्यामुळे पांढऱ्याला (८,३) ला जावंच लागतं. पण (६,५) या सोंगटीने आणखी एक काम केलं. सहाव्या स्तंभात (६,४) आणि (६,७) आधीपासून होत्या. आता (६,५) आली आणि (६,४), (६,५), (६,७) अशी फटीची उघडी तिकडी तयार झाली. (६,३) आणि (६,८) ही दोन्ही टोकं मोकळी आहेत. हीच ती चौकडी-तिकडी. पांढऱ्याची चाल चौकडी अडवण्यातच गेली, आता काळा (६,६) ची फट भरतो:

```
१०  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
 ९  ·  ·  ○  ○  ○  ·  ·  ·  ·
 ८  ·  ·  ○  ·  ·  ·  ·  ·  ·
 ७  ·  ·  ·  ●  ○  ●  ·  ·  ·
 ६  ·  ·  ·  ·  ●  ●  ·  ·  ·
 ५  ·  ·  ·  ·  ·  ●  ·  ·  ·
 ४  ·  ·  ○  ●  ●  ●  ●  ○  ·
 ३  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ○  ·
 २  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·  ·
    १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९
```

सहाव्या स्तंभात चौथ्यापासून सातव्या ओळीपर्यंत उघडी चौकडी. आता कुठे पांढऱ्याला नवव्या ओळीत चौकडी करायची सवड मिळते, पण काळा (६,३) किंवा (६,८) ला ठेवून डाव संपवतो.

याच मांडणीत क्रम बदलून बघा. काळ्याला (६,५) चं घर आधी दिसलं आणि त्याने तीच खेळी पहिली केली, तर? तिरकी बंद तिकडी झाली, स्तंभात उघडी तिकडी झाली, आणि चौथ्या ओळीतली बंद तिकडी आहेच. पुढे (७,४) ला ठेवलं की एकदम दोन चौकड्या! पट बघून काळ्याला आनंदच होईल. पण यातल्या एकाही धमकीने पांढऱ्याला अजून हुकूम दिलेला नाही. तो शांतपणे (६,९) ला ठेवून उघडी चौकडी करतो. आता काळ्याने दोन चौकड्या एकदम केल्या काय आणि तीन केल्या काय, पुढच्या चालीला पांढऱ्याचे पाच होतात. सोंगट्या त्याच, घरं तीच, फक्त (६,५) आणि (७,४) यांची अदलाबदल झाली, आणि जिंकलेला डाव हरला.

चौकडी-तिकडीलाही दोन पळवाटा असतात. पांढऱ्याची अडवणारी सोंगटी काळ्याच्या तिकडीच्या रांगेत पडली, तर तिकडीही त्याच फटक्यात अडते. किंवा ती सोंगटी ठेवल्याने पांढऱ्याचीच चौकडी झाली, तर हुकूम उलटतो. म्हणून चौकडी लावण्याआधी पांढऱ्याची उत्तराची सोंगटी मनातल्या मनात पटावर ठेवून बघायची आणि तिच्यातून जाणाऱ्या चारही दिशांना काय तयार होतं ते तपासायचं. वरच्या प्रसंगात (८,४) आणि (८,३) ही दोन्ही घरं पांढऱ्याच्या इतर सोंगट्यांपासून दूर होती, म्हणून हिशोब साफ जमला.

आता मूळ प्रश्न. पहिला खेळाडू का जिंकतो?

एक भाग संगणकाशिवाय, नुसत्या तर्काने कळतो. समजा, दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकायची युक्ती आहे. मग पहिला खेळाडू पहिली सोंगटी कुठेही ठेवेल, ती नाहीच असं मानेल आणि स्वतःला दुसरा समजून तीच युक्ती वापरेल. कधी युक्तीने सांगितलेल्या घरात त्याची ती जास्तीची सोंगटी आधीच बसलेली असेल, तर तो दुसरीकडे कुठेही खेळेल. पाच किंवा पाचाहून जास्त सलग झाले तरी जिंकला, असा नियम असेल तर स्वतःची एक सोंगटी जास्त असल्याने कधीच तोटा होत नाही. मग दोघेही हमखास जिंकणार, हे अशक्य. म्हणून दुसऱ्याकडे तशी युक्ती असूच शकत नाही. अचूक खेळात एक तर पहिला जिंकेल किंवा बरोबरी होईल. बरोबर पाचच हवेत, सहा झाले तर चालणार नाहीत, असा नियम असेल तर मात्र हा तर्क अडखळतो, कारण तिथे जास्तीची सोंगटी नेमकी पाचाचे सहा करून घात करू शकते.

हा तर्क हुशार आहे, पण दोनापैकी काय खरं ते तो सांगत नाही, आणि कसं जिंकायचं हे तर मुळीच नाही. तीन-तीनच्या फुल्ली-गोळ्यालाही तो लागू पडतो आणि तिथे उत्तर बरोबरी आहे. किती सलग हवेत यावर बरंच ठरतं. मोठ्या मोकळ्या पटावर तीन सलग हवे असतील तर पहिला हसत जिंकतो. चार हवे असतील तरी फार डोकं लावावं लागत नाही. आठ हवे असतील, तर पट कितीही अफाट असला तरी दुसरा त्याला कायम अडवू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. पाच हा आकडा या दोन टोकांच्या मधे, बराचसा काळ्याच्या बाजूला आहे.

काळ्याचा फायदा कुठून येतो, ते एका घराकडे बघून कळतं. पंधरा बाय पंधराच्या पटावर पाच सलग घरांच्या एकूण ५७२ पट्ट्या आहेत. मधल्या घरातून त्यातल्या २० जातात, कोपऱ्यातल्या घरातून फक्त ३. काळा पहिली सोंगटी मधोमध ठेवतो, म्हणजे वीस पट्ट्यांवर एकदम हक्क सांगतो. पांढऱ्याची एक सोंगटी त्यातल्या काहीच मारू शकते. पण पट्ट्यांच्या संख्येपेक्षाही महत्त्वाचं असं, की काळ्याची प्रत्येक धमकी दुहेरी कमाई करते. एका रांगेत ती पांढऱ्याला बांधते आणि उरलेल्या तीन दिशांना पुढच्या धमकीची तयारी करते, वरच्या प्रसंगात (७,४) ने केली तशी. पांढऱ्याच्या उत्तराला ही सोय नाही. ते एका, दोन किंवा तीन ठरावीक घरांतच पडू शकतं, मग तिथे त्याचा फायदा असो वा नसो. अशा दहा देवाणघेवाणी झाल्या की काळ्याच्या दहा सोंगट्या त्याने निवडलेल्या जागी असतात आणि पांढऱ्याच्या दहा बहुतांशी काळ्याने निवडलेल्या जागी.

'बहुतांशी' म्हणालो, कारण तिकडीला उत्तर देताना पांढऱ्याला थोडी निवड असते आणि चांगला पांढरा तीच वापरून आपली तयारी करतो. म्हणूनच काळ्याचा विजय आपोआप होत नाही. काळा एकदा जरी सक्ती नसलेली चाल चुकीच्या वेळी खेळला, तर पुढाकार पांढऱ्याकडे जातो आणि वरचं सगळं वर्णन रंग बदलून खरं ठरतं.

हे पूर्ण सिद्ध करायचं तर पांढऱ्याच्या प्रत्येक उत्तराला काळ्याचं एक जिंकणारं प्रत्युत्तर दाखवावं लागतं. मधल्या घरातल्या पहिल्या चालीनंतर पांढऱ्यासाठी २२४ घरं मोकळी असतात. पट फिरवून किंवा आरशात धरून सारखी होणारी एकत्र केली तर ३५ वेगळी उत्तरं उरतात. पण पुढच्या प्रत्येक पायरीवर पुन्हा दोनशेच्या आसपास शक्यता, त्यामुळे सरळसोट मोजणी संगणकालाही झेपत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधील व्हिक्टर ॲलिस या संशोधकाने हे काम तडीस नेलं. १९९४ मध्ये मास्ट्रिख्त इथे सादर केलेल्या त्याच्या प्रबंधात ते सविस्तर आहे. त्याच्या प्रोग्रामचं नाव व्हिक्टोरिया.

ॲलिसची कळीची कल्पना समजायला सोपी आहे. चौकड्यांची साखळी मोजायला कठीण नसते, कारण प्रत्येक पायरीवर उत्तर एकच. आपला प्रसंग आपण कागदावर पूर्ण मोजला तो त्यामुळेच. फाटे फुटतात ते तिकड्यांमुळे. प्रत्येक तिकडीला दोन-तीन उत्तरं, दहा तिकड्यांच्या साखळीत त्यांचे हजारो रस्ते. ॲलिसने ठरवलं की पांढऱ्याला एक उत्तर निवडायला सांगायचंच नाही, त्याला सगळी उत्तरं एकदम खेळू द्यायची. काळ्याने तिकडी लावली की तिला अडवणाऱ्या प्रत्येक घरात पांढरी सोंगटी ठेवून टाकायची. एवढी उदार सूट देऊनही काळ्याची साखळी पाचापर्यंत पोचत असेल, तर खऱ्या खेळात एकच उत्तर देणारा पांढरा तिला थोपवू शकत नाही. फाटे नाहीसे झाले, झाडाची एक सरळ काठी झाली. मधेच पांढऱ्याला स्वतःचे पाच किंवा चौकडी करून निसटता येतं का, एवढं मात्र वेगळं तपासावं लागतं.

यात काही खरे विजय निसटतात, कारण प्रत्यक्षात पांढऱ्याला एवढी सूट कधीच मिळत नाही. पण सापडलेला विजय खोटा नसतो, आणि सिद्धतेला तेच हवं. उरलेल्या, सक्ती नसलेल्या चालींसाठी वेगळा शोध चालवून ॲलिसने दाखवलं, की १५ बाय १५ च्या पटावर, सुरुवातीच्या चालींवर काही बंधन नसेल तर काळा हमखास जिंकतो. पाचाहून जास्त चालतील असा नियम असो की बरोबर पाचच हवेत असा, दोन्हींत. मोठ्या पटावरही तसंच असेल असा अंदाज सहज येतो, पण ही सिद्धता तिथे जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. पट वाढला की पांढऱ्यालाही नव्या पट्ट्या मिळतात, आणि ज्या कडेपाशी त्याची चौकडी होऊ शकत नव्हती तिथे आता होऊ शकते.

काळ्याचं वर्चस्व जपानी खेळाडूंना सिद्धतेच्या फार आधीपासून हाताला जाणवत होतं. १८९९ मध्ये रेंजू हे नाव मिळालेल्या प्रकारात म्हणूनच काळ्यावर बंधनं आली. काळ्याने एका चालीत दोन उघड्या तिकड्या करायच्या नाहीत, दोन चौकड्या करायच्या नाहीत आणि सहा सलग करायचे नाहीत. पांढऱ्याला यातलं काहीच लागू नाही. काळ्याकडे दुहेरी धमक्यांपैकी फक्त चौकडी-तिकडी उरली. शिवाय पांढऱ्याला एक नवं शस्त्र मिळालं: काळ्याला जिथे पाऊल टाकायची मनाई आहे अशाच घरात त्याला अडवायला भाग पाडायचं. तरीही २००१ मध्ये यानोश वाग्नर आणि इश्तवान विराग यांनी दाखवलं की सुरुवातीच्या चाली मोकळ्या असतील तर या बंधनांसकट काळाच जिंकतो. एकटी चौकडी-तिकडी पुरेशी ठरली.

म्हणून स्पर्धांमध्ये आता नुसती हत्यारं काढून घेण्यावर न थांबता सुरुवातच वाटून घेतात. गोमोकूच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत पहिला खेळाडू दोन काळ्या आणि एक पांढरी अशा तीन सोंगट्या हव्या तशा मांडतो. दुसऱ्याने मग रंग निवडायचा, किंवा आणखी एक काळी आणि एक पांढरी ठेवून निवड पहिल्यावर ढकलायची. त्यामुळे मांडणाऱ्याला काळ्याची बाजू जड करून चालत नाही, कारण मग समोरचा काळाच घेईल. तो पहिली काळी सोंगटी मुद्दाम कडेजवळ ठेवतो, जिथून वीसऐवजी थोड्याच पट्ट्या जातात, आणि काळ्याच्या तिकड्या कुठवर पोचतील हे मोजत बसतो. समोरचाही तेच मोजत असतो, फक्त घड्याळ कुणाचं चालू आहे एवढाच फरक.